‘चर्चा करा’ टाइप प्रश्नाची उत्तरसूची

प्रश्न: युनिट टेस्टमध्ये छोटे चर्चात्मक प्रश्न टाकलेत. त्यांचं आदर्श उत्तर आणि मार्किंगचे मुद्दे कसे लिहायचे? प्रत्येक पोराचं उत्तर वेगळं येतं, मार्क देताना गोंधळ होतो.

आदर्श उत्तर आणि मार्किंगचे मुद्दे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी पक्कं करा, गोंधळ बहुतेक तिथेच होतो. नुसतं एक छान उत्तर लिहून ठेवलं की तपासणारा त्याच्याशी वाक्यं जुळवत बसतो, मग ज्याने वेगळ्या शब्दांत बरोबर लिहिलंय त्याचे मार्क कापले जातात आणि पाठांतरवाला फुल्ल मार्क घेऊन जातो.

विज्ञानातला एक प्रश्न घेऊन सांगतो. ‘घाम आलेला असताना पंख्याखाली गार वाटतं, पण हवा दमट असेल तर तेवढं गार वाटत नाही. कारणांसह चर्चा करा. (४ गुण)’

आदर्श उत्तर मुलाच्या भाषेत आणि त्याला मिळणाऱ्या वेळेत लिहून होईल एवढंच ठेवा, पुस्तकी पान नको. म्हणजे असं: ‘घामाचं बाष्पीभवन होतं. त्यासाठी लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते, म्हणून गार वाटतं. पंख्यामुळे त्वचेजवळची बाष्पाने भरलेली हवा बाजूला जाऊन तिथे दुसरी हवा येते, त्यामुळे बाष्पीभवन वेगात होतं. दमट हवेत आधीच बरंच बाष्प असतं, त्यामुळे पंखा चालू असला तरी घाम लवकर सुकत नाही.’

आता यातले मुद्दे सुटे करा. घामाचं बाष्पीभवन होतं याला १, त्याची उष्णता त्वचेतून जाते याला १, वाऱ्याने बाष्पाची हवा हटते म्हणून वेग वाढतो याला १, दमट हवेत वेग कमी होतो आणि का होतो याला १. प्रत्येक मुद्द्यापुढे काय चालेल आणि काय चालणार नाही ते तिथेच लिहून टाका, खरं काम हेच आहे. पहिल्या मुद्द्याला ‘घाम सुकतो’, ‘घामाची वाफ होते’ दोन्ही चालेल, पण नुसतं ‘घाम जातो’ नाही, कारण पुसला तरी घाम जातोच की. दुसऱ्याला ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द आलाच पाहिजे असं नाही, उष्णता कुठून घेतली गेली ते आलं पाहिजे. उलट ‘अप्रकट उष्म्यामुळे गार वाटतं’ एवढंच लिहून सोडलं असेल तर मार्क नाही, शब्द आलाय, कारण आलेलं नाही. चौथ्यात ‘दमट हवेत घाम सुकत नाही’ एवढंच असेल तर अर्धा.

सगळ्यात जास्त येणारं चुकीचं उत्तर म्हणजे ‘पंखा थंड हवा देतो’. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो, कोरडा थर्मामीटर पंख्याखाली धरला तरी आकडा उतरत नाही. मग एखाद्याने हेही लिहिलं आणि बाष्पीभवनही बरोबर लिहिलं तर काय? यासाठी सूचीत एक नियम आधीच हवा: चुकीचं वाक्य ज्या मुद्द्याला छेद देतं तेवढ्याच मुद्द्याचा मार्क जाईल. इथे पंख्याचं काम चुकीचं सांगितलंय म्हणून तिसऱ्याचा मार्क गेला, पहिले दोन शाबूत. पंख्याच्या मोटरबद्दल काहीतरी चुकीचं लिहिलं असेल तर दुर्लक्ष करा, तो प्रश्नच नाही.

आणि एखादा हुशार पोरगा लिहील की पंख्याने अंगाला लागून असलेली गरम हवा बाजूला जाते म्हणून पण गार वाटतं. हे बरोबरच आहे की! हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर घाम नसतानाही असंच होतं. तुमच्या सूचीत नसेल तर वाढवा, तिसऱ्या मुद्द्याला पर्याय म्हणून, पण दोन्ही लिहिले तरी तिथे १ च, नाहीतर दमट हवेबद्दल एक शब्द न लिहिता ४ पैकी ४ मिळतील आणि प्रश्नाचा अर्धा भाग तर तोच आहे.

म्हणून पेपर तपासायला घेतले की पहिले आठ-दहा पेन्सिलने तपासा, सूचीत नसलेली बरोबर उत्तरं त्यातच बरीचशी सापडतात, मग सूची दुरुस्त करून ते पेपर पुन्हा बघा आणि त्यानंतरच लाल पेन. समासात नुसती टिक करू नका, मुद्द्याचा नंबर घाला. कोणी मार्क विचारायला आलं तर त्याला लगेच दाखवता येतं की तुझा ४ नंबरचा मुद्दा आलेलाच नाही. आणि वर्गात बहुतेकांचा तोच नंबर गायब दिसला तर प्रश्नाचा दमट हवेचा भाग नीट विचारला गेला नव्हता की शिकवायचा राहिला, ते तपासून बघा.