खोक्यावरचा शिक्का आणि नावापुढची अक्षरं

प्रश्न: भांडुपला आमचा पितळी व्हॉल्व्ह आणि नळजोडांचा छोटा कारखाना आहे. आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र आहे, म्हणून सहा हजार खोक्यांवर त्याचा लोगो छापला. व्हॉल्व्हला लावायच्या पट्टीवर आणि व्हिजिटिंग कार्डावरही तो आहे. कार्डावर वसईच्या गोदामाचा पत्ता आणि माझ्या नावापुढे ‘पीएमपी’ हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्रही आहे, फक्त त्याची मुदत मार्चमध्ये संपली. आता ऑडिटनंतर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने ‘चिन्हाचा गैरवापर’ म्हणून तीस दिवसांत उत्तर मागितलं आहे. पैसे भरून मिळवलेलं प्रमाणपत्र दाखवलं तर गैरवापर कसा? सगळी खोकी टाकून द्यायची का?

उत्तर: खोकी टाकून देऊ नका. पण संस्थेशी भांडायलाही जाऊ नका, कारण या मुद्द्यावर ती बरोबर आहे.

गोंधळ मुळात प्रमाणपत्र कशाचं आहे, इथे होतो. आयएसओ ९००१ तुमच्या व्हॉल्व्हला मिळालेलं नाही, तुमच्या कारखान्याच्या कामाच्या पद्धतीला मिळालेलं आहे. व्हॉल्व्ह किती दाब सोसतो, हे त्या संस्थेने तपासलेलं नाही. चिन्ह व्हॉल्व्हवर किंवा त्याच्या खोक्यावर आलं की गिऱ्हाईक ‘माल तपासून पास झालेला आहे’ असंच समजतं. म्हणून अशा संस्थांना लागू असलेल्या आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकातच त्यांनी ग्राहकाला चिन्ह मालावर किंवा मालाच्या पॅकिंगवर वापरू द्यायचं नाही, असं बंधन आहे. तुमच्याकडे काणाडोळा केला, तर त्यांचीच मान्यता अडचणीत येते.

मालाचं चिन्ह म्हणजे आयएसआय. त्याला भारतीय मानक ब्युरोचा त्या मालापुरता परवाना लागतो आणि चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. आयएसओ आणि आयएसआय ही नावं कानाला सारखी लागतात, लोहार चाळीतले जुने दुकानदारसुद्धा सर्रास एकाला दुसरं म्हणतात. तुमच्या खोक्यावरचं चिन्ह नेमकं त्याच गैरसमजावर चालतं.

त्यातच तुम्ही ‘आयएसओचा लोगो’ म्हणता, तो नक्की कोणता ते पाहा. जिनिव्हाची आयएसओ ही संघटना मानकं लिहिते, प्रमाणपत्रं देत नाही आणि स्वतःचा लोगो प्रमाणित कंपन्यांना वापरू देत नाही. मुद्रकाने इंटरनेटवरून गोल पृथ्वीचं चित्र उचलून टाकलं असेल, तर ते कुठेच चालणार नाही, लेटरहेडवरही नाही. तुम्हाला मिळालेलं चिन्ह प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं आहे. त्याच्या शेजारी अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं चिन्ह असेल, तर ते एकटं सुटं काढून वापरता येत नाही. रंग, प्रमाण आणि किमान आकार संस्थेच्या चिन्ह-वापर नियमावलीत दिलेले असतात. करारासोबत ती पुस्तिका आलेली असणार, कुठल्यातरी फायलीत असेल.

आता पॅकिंग. चिन्ह चालत नसलं, तरी एक वाक्य चालतं. त्यात तीन गोष्टी लागतात: प्रमाणित कंपनीचं नाव, कोणती व्यवस्था कोणत्या मानकानुसार प्रमाणित आहे, आणि ती कोणत्या संस्थेने प्रमाणित केली. म्हणजे ‘अमुक मेटल वर्क्स, भांडुप यांची गुणवत्ता व्यवस्थापन प्रणाली आयएसओ ९००१:२०१५ नुसार तमुक संस्थेने प्रमाणित केली आहे’. नुसतं ‘आयएसओ प्रमाणित’ लिहिलं तर तिन्हींपैकी धड एकही येत नाही. ‘आयएसओ प्रमाणित व्हॉल्व्ह’ तर सरळ खोटं ठरतं.

हे वाक्य खोक्यावर चालेल, व्हॉल्व्हच्या पट्टीवर नाही. मालाला इजा न होता काढून टाकता येतं ते पॅकिंग, पण मालाची ओळखपट्टी मानकाच्या दृष्टीने मालाचाच भाग. म्हणून पट्टीवर चिन्हही नको आणि वाक्यही नको. दाबाची चाचणी करून तुम्ही गिऱ्हाइकाला जो टेस्ट रिपोर्ट देता, त्यावरूनही चिन्ह काढा. लेटरहेडवर छापून रिपोर्ट दिला की चिन्ह आपोआप जातं, आणि ही चूक ऑडिटरला हमखास सापडते. रिपोर्टसाठी साधा, चिन्ह नसलेला कागद वेगळा ठेवा.

शिल्लक खोक्यांवर अपारदर्शक स्टिकर लावून चिन्ह झाका. स्टिकरवर वरचं वाक्यच छापून घेतलं, तर खर्च वाया जात नाही. मात्र कमाल किंमत, निव्वळ संख्या, उत्पादकाचा पत्ता हा वैधमापन नियमांचा मजकूर स्टिकरखाली जाऊ देऊ नका. तो मजकूर सुट्या स्टिकरने बदलायलाही नियमांची मनाई आहे, नाहीतर एक नोटीस मिटवताना दुसरी ओढवून घ्याल. मालाच्या पट्ट्या मात्र नव्याच छापा. दुकानदारांकडे गेलेल्या मालाबद्दल उत्तरात खरी संख्या लिहा आणि पुढे काय करायचं ते संस्थेलाच लेखी विचारा. आपण होऊन माल परत मागवायची घाई करू नका.

व्हिजिटिंग कार्डावर आणि लेटरहेडवर संस्थेचं चिन्ह साधारणपणे चालतं. तुमच्या कार्डाची अडचण वसईच्या पत्त्यात आहे. प्रमाणपत्राच्या जोडपत्रात फक्त भांडुप असेल आणि चिन्हाखाली दोन्ही पत्ते असतील, तर गोदामही प्रमाणित असल्याचा दावा होतो. वसई कार्डाच्या मागच्या बाजूला घ्या आणि चिन्हाखाली ‘भांडुप कारखाना’ लिहा. किंवा पुढच्या ऑडिटला गोदाम व्याप्तीत घालून घ्या.

‘पीएमपी’ला वेगळा न्याय लागतो, कारण ती अक्षरं कंपनीची नाहीत, तुमची आहेत, आणि त्यांना मुदत आहे. तीन वर्षांच्या चक्रात साठ पीडीयू, म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचे गुण, पूर्ण करून नूतनीकरण केलं नाही, तर प्रमाणपत्र एक वर्ष निलंबित राहतं. त्या काळात अक्षरं लावता येत नाहीत. त्याच वर्षात राहिलेले पीडीयू आणि शुल्क भरलंत तर ती परत मिळतात. वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. तोवर कार्ड, ईमेलची सही आणि ऑनलाइन प्रोफाइल तिन्हीकडून अक्षरं काढा. लोक कार्ड बदलतात आणि ईमेलची सही विसरतात.

संस्थेला द्यायच्या उत्तरात तीन भाग असू द्या. काय काढलं, किती संख्येने, आणि त्याचे फोटो. चूक का झाली: बहुधा मुद्रकाकडे चिन्हाची फाइल गेली आणि छपाईपूर्व प्रूफ नियमावलीशी कोणी ताडून पाहिलं नाही. आणि पुढे काय: चिन्ह असलेलं प्रत्येक प्रूफ कारखान्यातल्या एका ठरलेल्या व्यक्तीच्या सहीशिवाय छापायचं नाही. फक्त ‘खोकी झाकली’ एवढं लिहिलं, तर मुदत वाया जाते, कारण चूक का झाली आणि पुढे काय, ही दोन्ही उत्तरं मागितलेली असतात.

दुर्लक्ष केलंत तर निलंबन, मग रद्द, शिवाय संस्था तुमचं नाव जाहीर करू शकते आणि व्यापारचिन्हाच्या हक्कावर कोर्टातही जाऊ शकते. दुसरी बाजू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात ‘जाहिरात’ या शब्दात लेबल, वेष्टण आणि बिलसुद्धा येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा घडलं तर पन्नास लाखांपर्यंत. तुमच्या प्रकरणात तिथवर गोष्ट जाईल असं मला वाटत नाही. पण एखाद्या प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली, तर तीस दिवसांच्या आत दिलेलं हेच उत्तर तुमचा पहिला पुरावा असेल. म्हणून ते ईमेलने आणि पोचपावतीसह टपालाने, दोन्हीकडून पाठवा.