पन्हाळ्याच्या चढाला माझी टर्बो डिझेल गाडी आधी मरगळते आणि मग एकदम उसळी घेते, असं का?

यालाच टर्बो लॅग म्हणतात. वळणावर वेग कमी झाला, तुम्ही तिसऱ्याच गिअरमध्ये राहिलात आणि आरपीएम १,२०० च्या आसपास आला, की सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर कमी पडतो. टर्बोचं एक चाक त्या धुरावर फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. धूर कमी असेल तर दोन्ही चाकं सुस्त. ॲक्सिलरेटर दाबला तरी त्यांना वेग घ्यायला एखाद-दोन सेकंद जातात, आणि मग ती मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. म्हणून ती उसळी.

ताकद वाढते ती हवेमुळे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार. टर्बोने वर आणखी १ बार बूस्ट दिला, तर त्याच सिलिंडरात जवळपास दुप्पट हवा मावते आणि तेवढं जास्त डिझेल नीट जळतं. दाबलेली हवा तापून पसरते, म्हणून पूर्ण दुप्पट नाही. तिला गार करायला इंटरकूलर असतो.

बूस्ट हाताबाहेर जाऊ नये म्हणून साध्या टर्बोत वेस्टगेट असतो, म्हणजे धुराला चाक चुकवून जाऊ देणारी झडप. ती उघडीच अडकली तर गाडी वरच्या आरपीएमलाही ओढत नाही. तसं असेल तर उद्यमनगरात मेस्त्रींना झडपेची दांडी हलते का बघायला सांगा. नाहीतर वळणाआधी दुसरा गिअर टाका, एवढंच पुरतं.