‘खूप त्रास देतात’ एवढंच लिहू नकोस

मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. घर परभणी जिल्ह्यात, कॉलेज पुण्यात. हॉस्टेलवर रात्री सीनियर ‘इन्ट्रो’ला बोलावतात. मान खाली घालून उभं करतात, माझ्या गावाकडच्या बोलण्याची मलाच नक्कल करायला लावतात, वडिलांच्या शेतीवरून ऐपत काढतात. त्यांची जर्नल्सही मीच लिहितोय. मारहाण नाही. अँटी रॅगिंग कमिटीसाठी पत्र लिहिलंय, सोबत पाठवतोय. रूममेट म्हणतो, चार वर्षं इथंच काढायची आहेत, करिअरला डाग लागेल. देऊ का? आणि पत्र बरोबर आहे का?

पत्र दे. पण आहे तसं देऊ नकोस.

डागाचं आधी सांगते. यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत. रॅगिंगबद्दल शिक्षा झाली असेल तर तसा उल्लेख विद्यार्थ्याच्या कॉलेज सोडल्याच्या किंवा मायग्रेशनच्या दाखल्यावर करायला ते सांगतात. म्हणजे डाग लागलाच तर त्रास देणाऱ्याच्या कागदावर लागतो. तक्रारदाराच्या दाखल्यावर असा कुठलाही रकाना नाही. उलट तक्रार करणाऱ्याचं नाव उघड होऊ नये आणि तक्रार केली म्हणून त्याचं नुकसान होऊ नये, असं हेच नियम बजावतात. हॉस्टेलमध्ये नाव फुटतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फुटतं. म्हणून पत्राच्या शेवटी काय मागायचं ते महत्त्वाचं, त्याकडे येतेच.

आता तुझं पत्र. त्यातलं मुख्य वाक्य असं आहे: ‘सीनियर मुले आम्हाला रोज रात्री खूप त्रास देतात व मानसिक छळ करतात, तरी योग्य ती कारवाई करावी.’ कमिटीच्या टेबलावर हे वाक्य पडलं की पुढे काय होतं ते मी पाहिलंय. चार मुलांना बोलावतात, ती म्हणतात, ‘सर, ओळख करून घेत होतो,’ आणि ‘तथ्य आढळले नाही’ म्हणून फाईल बंद. सगळ्या कमिट्या वाईट असतात असं नाही. पण त्या वाक्यात तपासण्यासारखं काही नाहीच. कोण, कधी, कुठे, नेमकं काय बोललं, कोणी पाहिलं, यांतलं एकही नाही.

म्हणून ‘रोज’ हा शब्द काढ आणि नीट आठवणाऱ्या तीन रात्री निवड. तारीख आठवत नसेल तर व्हॉट्सअॅप उघड. ‘खाली ये’ असा कोणाचा तरी मेसेज असेल, त्याला वेळ असते. त्या रात्री घरी फोन केला असशील तर तोही यादीत दिसेल. मग एक प्रसंग असा लिहिता येईल:

‘दि. १२ सप्टेंबर रोजी रात्री साधारण साडेअकरा वाजता मला दुसऱ्या मजल्यावरील खोली क्र. २१४ मध्ये बोलावण्यात आले. तिथे तृतीय वर्ष मेकॅनिकलचे चार विद्यार्थी होते. त्यांपैकी दोघांची नावे मला माहीत आहेत. इतर दोघांना मी चेहऱ्याने ओळखू शकतो. मला सुमारे एक तास मान खाली घालून उभे केले. “तुमच्याकडं बोलतात तसं बोलून दाखव” असे सांगून माझे बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड केले. “बापाची जमीन विकून आलास का?” असे एकाने विचारले. माझ्या वर्गातील एक विद्यार्थी त्या वेळी तिथे होता.’

त्यांचे शब्द जसेच्या तसे घाल. शिवी असेल तर शिवी. ‘अपशब्द वापरले’ असं सभ्यपणे झाकलंस की त्याचं वजन जातं. जातीवरून काही बोलले असतील तर तेही शब्दशः. त्याला वेगळा कायदा लागू शकतो. दुसऱ्या मुलाकडून जे ऐकलंस ते आपलं म्हणून लिहू नकोस. एक गोष्ट खोटी निघाली की तीन खऱ्याही पडतात.

मारहाण नाही म्हणून तू बिचकतोयस, तसं ते पत्रात जाणवतं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच निर्माण करणारं, तो एरवी आपणहून करणार नाही असं काही करायला लावणं, हे त्याच्या व्याख्येत बसतं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. भाषा, गाव आणि आर्थिक परिस्थिती यांवरून होणारा छळ यूजीसीने २०१६ मध्ये व्याख्येत स्पष्टपणे घातला. तुझी केस नेमकी तीच आहे.

आणि जर्नल्स! ती तू पत्रात एका ओळीत उरकलीस, तोच तुझा सगळ्यात पक्का पुरावा आहे. नवीन मुलाकडून आपलं शैक्षणिक काम करून घेणं यूजीसीच्या नियमांत रॅगिंगच आहे. ‘ओळख करून घेत होतो’ ही सबब तिथे चालत नाही, कारण तुझं अक्षर त्यांच्या जर्नलमध्ये आहे आणि ती जर्नल्स विभागात जमा होतात. कोणत्या विषयाचं, किती प्रयोग, कोणासाठी, ते लिही. शेवटी स्पष्ट मागणी कर की ती जर्नल्स कमिटीने ताब्यात घेऊन माझ्या अक्षराशी ताडून पाहावीत. सबमिशन आटोपून ती परत मिळायच्या आत हे व्हायला हवं.

‘योग्य ती कारवाई’ऐवजी आणखी दोनच गोष्टी माग. पहिली, चौकशी होईपर्यंत त्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या मजल्यावर येण्यास मनाई. नवीन मुलांना शक्यतो वेगळं ठेवा, असं नियमांतच आहे. खोली तू बदलून मागू नकोस, हलवायचं तर त्यांना हलवू देत. दुसरी, त्या रेकॉर्डिंगचा तपास.

पत्र प्राचार्यांच्या नावाने, ‘अध्यक्ष, अँटी रॅगिंग कमिटी’ असं लिहून दे. रेक्टरच्या हातात देऊन येऊ नकोस. १९९९ चा कायदा जबाबदारी संस्थाप्रमुखावर टाकतो: लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याचं निलंबन, आणि तथ्य नसेल तर तुला तसं लेखी कळवणं. दुर्लक्ष केलं तर तेच गुन्ह्याला साथ देणं ठरू शकतं. हे सात दिवस मोजायचे तर तुझ्याकडे पोच हवी. आवक विभागात दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. ‘ठेवून जा, सांगतो’ म्हणाले तर तेच पत्र प्राचार्यांच्या ईमेलवर पाठव.

बिघडतं ते बहुधा यानंतर. तुला आणि त्यांना एकाच खोलीत बसवून ‘मिटवून टाका, हात मिळवा’ म्हणतील, एक छापील कागद पुढे करतील. चौकशी चालू आहे की गुंडाळली जातेय, हे तिथेच कळतं: खऱ्या चौकशीत तुझा जबाब वेगळा घेतात, लिहून घेतात आणि वाचून दाखवतात. समझोत्यावर सही करू नकोस, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठ.

सात दिवसांत काही हललं नाही, किंवा आज रात्रीच भीती वाटत असेल, तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ किंवा helpline@antiragging.in. तिथली तक्रार कॉलेजबरोबर जिल्हा प्रशासन आणि पोलिसांकडेही जाते. तक्रार क्रमांक जपून ठेव.

शिक्षा किती होईल याचा अंदाज मात्र माफक ठेव. तुझ्यासारख्या प्रकरणात बहुधा हॉस्टेलमधून काढणं किंवा काही काळाचं निलंबन होतं, तुरुंगापर्यंत क्वचितच जातं. तुझ्या रात्री सुटल्या आणि अभ्यास तुझाच राहिला, एवढं त्यातून मिळायला हवं.

पत्र देण्याच्या आदल्या दिवशी वडिलांना फोन कर. कॉलेज त्यांना बोलावणारच आहे, आणि त्यांना ते ऑफिसातून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. जमिनीबद्दलचं ते वाक्यही त्यांना तूच सांग.