एआयकडून आसनांची चित्रं: शब्द कुठपर्यंत पुरतात

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरमध्ये माझा योगवर्ग आहे, बहुतेक साधक पन्नाशीच्या पुढचे. भिंतीवर लावायला आसनांचा तक्ता एआयने बनवायचा आहे, पण ‘वीरभद्रासन’ लिहिलं की पाय भलतीकडेच जातात, गरुडासनात तर तीन हात येतात. अचूक चित्र यावं म्हणून प्रॉम्प्टमध्ये नक्की काय लिहायचं?

उत्तर:

आसनाच्या नावावर विसंबू नका, सगळ्यात आधी ते सोडा. चित्र काढणाऱ्या या मॉडेलांना हाडं, सांधे, तोल यातलं काही ठाऊक नसतं. कोट्यवधी फोटो आणि त्यांच्याखालच्या ओळी पाहून ती शिकलेली असतात, आणि त्या ओळींमध्ये बहुतेक वेळा ‘योगा करणारी स्त्री’ एवढंच असतं. वीरभद्रासनाचे तर पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार, शिवाय टाच उचलून केलेला लंजही त्याच नावाखाली खपतो. त्यामुळे नाव टाकलं की या सगळ्यांची भेळ होऊन येते: हात दुसऱ्या प्रकाराचे, मागची टाच लंजसारखी वर, आणि तोंड कॅमेऱ्याकडे.

मी गंगापूर रोडला डिझाइनचं काम करतो, योगशिक्षक पदविकाही केली आहे, त्यामुळे असे तक्ते वरचेवर येतात. वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार घेऊनच सांगतो, कारण त्यात हातपाय एकमेकांवर येत नाहीत आणि शब्दांनी बरंच साधतं.

वर्गात आपण ‘उजवा पाय पुढे’ म्हणतो. मॉडेलला ते सांगून उपयोग नाही. उजवा म्हणजे साधकाचा की बघणाऱ्याचा, यात त्याचा हमखास घोळ होतो. ‘पुढे’ म्हणजे तर त्याला कॅमेऱ्याकडे वाटतं. म्हणून दिशा नेहमी चित्राच्या चौकटीतून सांगायची: चित्राच्या डावीकडचा पाय, चित्राच्या उजवीकडचा पाय. मग एका ओळीत एकच अवयव घ्यायचा, आणि प्रत्येक सांध्याची अवस्था सांगायची. मी साधारण असं लिहितो (इंग्रजीत, कारण बहुतेक मॉडेलं इंग्रजी ओळींवरच जास्त शिकलेली आहेत):

```
Line drawing, full body, wide stance, camera at hip height.
Chest and hips face the viewer; head turned to picture left.
Leg on picture left: knee bent, shin vertical, toes point left.
Leg on picture right: knee straight, whole sole on the floor.
Arms straight at shoulder height, one to each side.
Fitted clothes, bare feet, plain white background.
```

यात आसनाचं नाव मुद्दामच नाही. तुमच्या मॉडेलला नाव टाकल्याने मदत होतेय असं दिसलं तर शेवटी टाका, सुरुवातीला नको. ‘गुडघा वाकवू नकोस’ असली नकारार्थी वाक्यंही टाळा. मॉडेल त्यातला ‘वाकलेला गुडघा’ तेवढा उचलतं. ‘गुडघा सरळ’ असं होकारार्थीच लिहायचं. नको त्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर त्या तिथे लिहाव्यात. अंगाला बसणारे कपडे मागायचे, कारण सैल सलवार किंवा धोतर असलं की मॉडेल गुडघ्याची चूक त्या घोळात लपवतं. प्रॉम्प्ट लांबतच गेला तरी उपयोग नसतो. स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलच्या जुन्या आवृत्तीत मजकुराची मर्यादा ७७ टोकनांची, म्हणजे शब्दांच्या तेवढ्या तुकड्यांची, होती आणि त्यापुढचं सरळ कापलं जायचं. नव्या मॉडेलांत जागा वाढली आहे, पण दहाव्या ओळीतली टाच पहिल्या ओळीतल्या छातीइतकी मनावर घेतली जात नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून चुकायची शक्यता जास्त असलेली गोष्ट, इथे पावलं, वरच्या ओळींत आणा.

चित्र आलं की नुसतं ‘छान दिसतंय’ म्हणून पुढे जायचं नाही, पट्टी लावायची. डावीकडच्या गुडघ्यापासून खाली उभी रेघ काढा. ती घोट्यावर पडली पाहिजे. बोटांच्या पुढे गेली तर नडगी कललेली आहे. दोन्ही हात चित्राच्या पातळीतच पसरलेले आहेत, म्हणून एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्याच्या बोटांपर्यंतचं अंतर माणसाच्या उंचीइतकं हवं, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या सात-साडेसात पट. डोकं मोजा आणि हात मोजा. एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड असणं ही या चित्रांतली अगदी नेहमीची चूक, आणि नुसत्या डोळ्यांना ती चटकन दिसत नाही. मनगटांतून खाली रेघा सोडल्या की त्या साधारण घोट्यांच्या आसपास याव्यात. फार आत पडल्या तर पायांत अंतर जास्त, फार बाहेर पडल्या तर कमी. शेवटी मागचं पाऊल पाहा: कडेसकट अख्खा तळवा टेकलेला हवा आणि बोटं किंचित आत, पुढच्या पायाच्या दिशेला. इथेच मॉडेल सर्वात जास्त वेळा घसरतं.

एकच पाऊल चुकलं असेल तर सगळं चित्र पुन्हा काढू नका. तेवढाच भाग निवडून बदलायची सोय, म्हणजे इनपेंटिंग, बहुतेक साधनांत असते. निवडताना फक्त पाऊल नको, पोटरीपासून निवडा, नाहीतर घोट्याशी जोड दिसतो.

आता गरुडासन. इथे खरं सांगायचं तर शब्दांचा नाद सोडा. ‘डावी मांडी उजवीवर, डावं पाऊल उजव्या पोटरीमागे, कोपरांची आढी, तळवे जुळलेले’ हे तुम्हाला वाचून कळतं, कारण तुमच्या अंगाने ते केलेलं आहे. मॉडेलला त्यातले अवयव कळतात, कोण कोणाच्या वर आणि कोण मागे हा क्रम धरून ठेवता येत नाही. जिथे एक अवयव दुसऱ्याआड जाऊन पलीकडे निघतो, तिथे पलीकडचा तुकडा नवाच अवयव समजून काढला जातो. तुमचा तिसरा हात तिथूनच आला. अर्धमत्स्येंद्रासन, गोमुखासन, पद्मासन, बकासन ही सगळी त्याच पंक्तीतली.

अशा आसनांना फोटो द्यावा लागतो. २०२३ च्या सुरुवातीला कंट्रोलनेट नावाची पद्धत आली. तिच्यात फोटोवरून काढलेला सांगाडा किंवा खोलीचा, म्हणजे काय जवळ आणि काय दूर हे दाखवणारा, नकाशा मॉडेलला दिला की ते त्याच साच्यात चित्र काढतं. बहुतेक लोक सांगाडाच वापरतात, ज्याला ओपनपोज म्हणतात, आणि योगासनांच्या बाबतीत तिथेच फसतात. त्या नेहमीच्या सांगाड्यात शरीराचे १८ बिंदू असतात: नाक, डोळे, कान, मान, खांदे, कोपर, मनगट, खुबे, गुडघे, घोटे. घोट्याखाली काहीच नाही, ना टाच ना बोटं. म्हणजे ज्या पावलासाठी आपण वर्गात घसा कोरडा करतो त्याची दिशा मॉडेलला कळवायला जागाच नाही. शिवाय तो सांगाडा सपाट असतो. दोन रेघा एकमेकींना छेदतात एवढं दिसतं, वर कोणती ते दिसत नाही.

म्हणून गुंतलेल्या आसनांना खोलीचा नकाशा घ्या, ज्यात जवळचं उजळ आणि दूरचं काळपट दिसतं. त्यात वरची मांडी कोणती ते उघड असतं आणि पाऊलही सापडतं. गुंफलेली बोटं मात्र त्यातही लगदा होऊन येतात. शीर्षासन, सर्वांगासनासारख्या उलट्या आसनांत आणखी एक युक्ती आहे: सांगाडा शोधणारा प्रोग्रॅम उलट्या माणसाला ओळखताना गडबडतो, तर फोटो आधी फिरवून डोकं वर आणा, सांगाडा काढा, मग तो सांगाडा परत उलटा करा. फोटो स्वतःचाच घ्या किंवा साधकाला विचारून घ्या. मोबाइल कमरेच्या उंचीवर, तीन-साडेतीन मीटर लांब ठेवा. जवळून काढला की पुढचा गुडघा टरबुजाएवढा येतो आणि मॉडेल तोच खरा मानतं.

हे सगळं जमवण्याइतका वेळ नसेल तर माझं स्पष्ट मत: गरुडासन आणि पद्मासनासाठी फोटोवर हाताने रेघ ओढलेली परवडते. क्रिटासारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फोटोवर वेगळा थर टाका, गिरवा. अर्ध्या तासात होतं, आणि त्यात तिसरा हात येत नाही.

डावं-उजवं चुकलं की चित्र आडवं पलटवायचा मोह होतो. बहुतेकदा चालतं, पण अंगावर काही असलं की बघा. पंचवटीतल्या एका वर्गाच्या फ्लेक्सवर ध्यानस्थ गृहस्थ असेच पलटवलेले होते आणि जानवं उजव्या खांद्यावर आलं होतं. रामकुंडावरून परतणारे एक आजोबा थांबून म्हणाले, “अहो, हे श्राद्धाला बसलेत की ध्यानाला?” साडीच्या पदराचं तेच. पद्मासनात तर पलटवलं की वरचं पाऊलच बदलतं.

आता मर्यादेचं. रेघा बरोबर जुळल्या म्हणजे ते आसन करायला सांगण्याजोगं झालं असं नाही. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळते, गुडघा फार थोडा वळू शकतो. चित्रात खुबा कपड्याखाली असतो, त्यामुळे वळण खुब्यातून आलं की गुडघ्यातून पिळलं, हे कुठल्याच मोजणीत दिसत नाही. वजन कोणत्या पायावर आहे, मागच्या पावलाची कड दाबली आहे का, श्वास अडकला आहे का, हेही नाही. मॉडेल चित्रात तळवा वर, गुडघे जमिनीला असं दाखवून मोकळं होतं, कारण त्याने पाहिलेली बहुतेक शरीरं लवचिक तरुणांचीच. तुमच्या साठीच्या साधकाच्या खुब्याची ठेवण तशी नसली तर तो ते चित्र पाहून गुडघ्याला जोर लावेल. म्हणून तुमच्या तक्त्यात पद्मासनाऐवजी अर्धपद्मासन किंवा खाली घडी ठेवलेलं सुखासन घ्या, आणि वीरभद्रासनात मांडी जमिनीला समांतर नको, थोडी वर असलेलीच मागा. प्रॉम्प्टमध्ये ‘साठीची स्त्री, मध्यम बांधा’ लिहिलं की चित्र त्यांना आपलं वाटतं, पण तेव्हा मॉडेल हमखास पाठीला पोक काढतं, तिकडे लक्ष ठेवा. विटा, पट्टा, खुर्ची असलं साहित्यही तपासा. हात विटेला टेकण्याऐवजी बोटभर वर तरंगताना दिसतो.

फ्लेक्सला टाकण्याआधी एक छापील प्रत काढून, ते आसन न शिकलेल्या कोणाला तरी नुसतं चित्र दाखवा आणि एक अक्षर न बोलता करायला सांगा. मागची टाच उचलली गेली किंवा मान पुढेच राहिली तर तो भाग चित्रात पुसट आहे. तिथे बाण काढा किंवा चित्राखाली एक ओळ लिहा. मजकूर मात्र मॉडेलकडून काढून घेऊ नका, वेगळा टाइप करा. देवनागरीची जोडाक्षरं ते बरेचदा हवी तशी मोडतं.