‘भरायचे…’च्या पुढे ‘नाहीत’ होतं

राजारामपुरीत मोबाइल दुरुस्त करायला बसलो की दिवसातून दोघे-तिघे तरी हीच कहाणी घेऊन येतात: "मेसेजात असं नव्हतं हो!" असतं. त्यांनी वरची एक ओळ वाचलेली असते, एवढंच. या वेळच्या पत्रांतही तेच आहे, म्हणून सगळी एकत्र घेतली.

नोटिफिकेशनवरूनच उत्तर दिलं तर चालतं का? प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडायचा कंटाळा येतो.

"पोहोचलो" लिहायला चालतं. "हो" लिहायला चालत नाही.

पुण्याच्या गिऱ्हाईकाचा मेसेज आला, "शेठ, उद्या दहा किलोचे 200 रवे भरायचे…" आमचं मंगळवारी तेच ठरलं होतं. वरच्या वर "हो, भरतो" म्हणून टाकलं, गाडी भरून गेली. आता तो म्हणतो तीस किलोचे सांगितले होते. चूक कुणाची? (गुळाचे अडते, शाहूपुरी)

तुमची. पत्रासोबत पूर्ण मेसेज पाठवलात म्हणून ठामपणे सांगतो. तो असा आहे: "शेठ, उद्या दहा किलोचे 200 रवे भरायचे नाहीत, तीस किलोचेच द्या." फोनने ‘भरायचे’वर ओळ तोडली आणि तीन टिंबं ठेवली. ती टिंबं म्हणजे ‘पुढे अजून आहे’ एवढीच खूण. तुम्हाला मंगळवारचा सौदा आठवत होता, त्यामुळे उरलेलं वाक्य तुम्ही मनातच पूर्ण केलंत. दोन टन गूळ नको त्या मापात पुण्याला गेला.

यात आपल्या भाषेचाही हात आहे, आणि हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगत आलोय. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. इंग्रजीत ‘डोन्ट’ सुरुवातीलाच येतो, त्यामुळे ओळ कापली तरी नकार बहुतेकदा वाचतो. आपल्याकडे ‘नाही’, ‘नका’, ‘नको’, ‘रद्द’ सगळे शेपटीला, आणि फोन कापतो ती शेपटीच. ‘तर’चंही तसंच. "पैसे आले तर माल सोडा" यातलं "पैसे आले…" एवढंच दिसलं, तर गोदामाची किल्ली काढायला कुणीही उठेल. त्यात सुरुवातीचं राम राम, शेठ, घरची खुशाली यांत निम्मी ओळ आधीच खर्ची पडते. अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर कामाचा शब्द दिसतच नाही.

अँड्रॉइडवर मिटलेल्या नोटिफिकेशनमध्ये मजकुराला साधारण एकच ओळ मिळते. कडेचा छोटा बाण दाबला किंवा बोटाने खाली ओढलं की ते उलगडतं आणि बराच मजकूर दिसतो. आयफोनवर त्यासाठी दाबून धरायचं. पण उलगडल्यावरही लांब मेसेज पुरा मावेलच असं नाही. शिवाय समोरच्याने तुमच्या एखाद्या जुन्या मेसेजला धरून उत्तर दिलं असेल, तर कुठल्या मेसेजला, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या नोटिफिकेशनमध्ये कळत नाही. तुम्ही सकाळी दोन प्रश्न विचारलेत, दुपारी नुसतं "चालेल" आलं. कशाला चालेल? ते चॅट उघडल्यावरच दिसतं.

आता तुमचं "हो, भरतो". तुम्ही ते दिसलेल्या अर्ध्या ओळीला दिलंत, पण चॅटमध्ये ते त्याच्या संपूर्ण मेसेजखाली जाऊन बसलं. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागणार: शेठनी तीस किलोचे रवे कबूल केले. ‘व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही धरत नाहीत’ असं बाजारात कुणी सांगत असेल तर सोडून द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. तुमच्या व्यवहारात हे कितपत लागू पडतं ते वकील सांगतील. चॅटमधलं काहीही न पुसता त्यांना दाखवा, आणि त्याआधी गिऱ्हाईकाला फोन करा, मेसेज नको. माल उतरवून दुसरीकडे खपवायचा की परत आणायचा, हे एका फोनवर मिटण्याजोगं आहे. दिवस गेले की भाडं वाढतं.

पुढच्या वेळी "हो" लिहूच नका. काय करणार ते लिहा: "उद्या दहा किलोचे 200 रवे भरतो." हे गेलं असतं तर पुण्याहून त्याच मिनिटाला फोन आला असता. आणि गिऱ्हाईकालाही सांगा, नकार आधी लिहीत जा: "दहा किलोचे नकोत. तीस किलोचे द्या."

मेसेज पाठवून मग दुरुस्त केला. समोरच्याला कळेल ना?

चॅट उघडलं तर. व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटांच्या आत दुरुस्ती करता येते, पण तिची नवी नोटिफिकेशन जात नाही. आकडा किंवा तारीख बदलली असेल तर वेगळा मेसेज टाका, नाहीतर फोन करा.

मेसेजची पहिली ओळ दिसली, उघडेपर्यंत डिलीट झालेला. मित्र म्हणतो, असे मेसेज परत दाखवणारं अ‍ॅप मिळतं. टाकू का?

नको. असं अ‍ॅप सगळ्या नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागतं, आणि त्या सगळ्यात बँकेचा ओटीपीही आला. एका पुसलेल्या मेसेजसाठी घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणार का? अँड्रॉइड 11 पासून फोनमध्येच Notification history ही सोय आहे. ती आधी चालू केलेली असेल तर गेल्या 24 तासांतल्या नोटिफिकेशन दिसतात. पण तिथेही आला तेवढाच तुकडा मिळतो. पाठवणाऱ्यालाच विचारा. त्याने पुसला म्हणजे काहीतरी बदललंय, जुन्या ओळीवर उत्तर देऊ नका.

"तुमच्या खात्यात रु. 25,000 जमा" असा एसएमएस दिसला. लगेच एकाचा फोन, चुकून आले, परत पाठवा. पाठवू का?

एक रुपयाही नाही. आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा. फसवणुकीच्या मेसेजची पहिली ओळ अशी लिहिलेली असते की पुढचं वाचायची गरजच वाटू नये. जाहिरातवाल्यांचं ‘अभिनंदन, तुमची निवड…’ त्याच जातीचं. मेसेज उघडून पाठवणाऱ्याचं नाव बघा. बँकेच्या मेसेजवर नंबराऐवजी अक्षरांचं नाव, म्हणजे शीर्षक असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही. शीर्षकाच्या शेवटी -T म्हणजे व्यवहार, -S सेवा, -G सरकारी, -P जाहिरात. साध्या दहा आकडी नंबरवरून ‘जमा’ आलं आणि खाली उत्तराचं बटण चालतंय, तर तो बँकेचा नाही असं धरून चाला. पैसे खरोखर आलेले दिसले तरी स्वतः परत पाठवू नका, शाखेत जाऊन लेखी कळवा. आधीच पाठवले असतील तर पत्राची वाट कसली बघताय, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लावा.

आईला दिसायला कमी, अक्षर मोठं केलंय. दोन शब्द दिसतात आणि ती खालचं तयार "ओके" दाबून टाकते. परवा असंच गॅसवाल्याला "ओके" गेलं.

मजकूरच लपवा. आयफोनवर Settings मध्ये Notifications, तिथे Show Previews ला Never करा. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनवर मजकूर न दाखवण्याची सोय असते, पण नाव आणि जागा कंपनीगणिक वेगळी. सापडली नाही तर आईंना घेऊनच दुकानात या, त्यांच्यासमोर करून देतो. नुसता फोन पाठवू नका, कुठलं बटण त्या दाबतात ते मला बघायचंय.