शहरी पुराचा प्रश्न आणि तुझी पंचगंगा

कोल्हापूर, रविवार

प्रिय बाळ,

तुझी उत्तरपत्रिका रात्री तपासली. चौथ्या उत्तराला 15 पैकी साडेचारच दिलेत. माहिती चुकलेली नाही, म्हणूनच कारण सविस्तर लिहितोय.

प्रश्न होता, ‘भारतातील शहरी पूर ही नैसर्गिक आपत्तीपेक्षा नियोजनातील अपयश अधिक आहे. चिकित्सक परीक्षण करा.’ तू पहिलं अर्धं पान पुराच्या व्याख्येत घालवलंस आणि मग दीड पान आलमट्टी. आपल्याकडं जुलैत चहाच्या गाड्यावरही हेच चालतं, त्यामुळं पेन तिकडं वळलं असणार. मी प्रश्न झाकून नुसतं तुझं उत्तर वाचलं. त्यावरून प्रश्न ओळखायचा झाला तर निघतो, ‘कृष्णा खोऱ्यातील पाणीतंटा’. ‘शहरी’ हा शब्द तुझ्या उत्तरात एकदाच आलाय, तोही शेवटून दुसऱ्या ओळीत.

पंचगंगा सोड असं मी म्हणत नाही. ‘2019 मध्ये कोल्हापुरात महापूर आला’ एवढंच लिहिलंस तर तो नुसता उल्लेख झाला. धोका पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांवर गेलं आणि निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, घरं होती, असं लिहिलंस की ते नियोजनाबद्दल काहीतरी सिद्ध करतं. दोन ओळींत हे बसतं.

तरी या प्रश्नाला मुंबई जास्त चपखल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. शहरातले जुने पर्जन्यजल नाले मात्र तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेले. पहिला आकडा निसर्गाच्या बाजूनं बोलतो, दुसरा नियोजनाच्या. त्यातच मिठी नदीचं पात्र भराव आणि अतिक्रमणानं आकसलेलं. ‘चिकित्सक परीक्षण’ म्हटलं की परीक्षक दोन्ही बाजू शोधतो. इथं एकाच उदाहरणात त्या मिळतात. मग निष्कर्षात बाजू घ्यायला कचरू नकोस. एवढा पाऊस कुठलेच नाले पेलणार नाहीत, पण पाणी किती तास साचून राहतं आणि कुणाच्या घरात शिरतं हे बरंचसं नियोजन ठरवतं, असं स्पष्ट लिही. ‘दोन्ही घटक महत्त्वाचे आहेत’ या वाक्याला मी अर्धा गुणही देत नाही.

उपायांची तुझी आठ कलमं मी वाचलीच नाहीत, कारण प्रश्नात उपाय विचारलेलेच नाहीत. फार तर एक ओळ ठेव.

आता हेच उत्तर 250 शब्दांत, 11 मिनिटं लावून पुन्हा लिही. प्रस्तावना तीन ओळींच्या वर गेली तर तिथंच थांब आणि कोऱ्या पानावर नव्यानं सुरू कर. बुधवारी संध्याकाळी अभ्यासिकेत येतोय, दोन्ही कागद सोबत ठेव.

तुझा,
सर