पेमेंट झाल्याचा मेल स्पॅममध्ये, पैसे मात्र खात्यात नाहीत: आता काय करायचं?

प्रश्न: जर्मनीतल्या क्लायंटचा ‘पेमेंट केलं’ असा मेल तीन आठवड्यांनी स्पॅममध्ये सापडला. दरम्यान मी दोन-तीन कडक मेल पाठवून बसलोय. खात्यात पैसे अजूनही दिसत नाहीत. क्लायंटला काय लिहू आणि पैसे शोधू कुठे?

उत्तर:

क्लायंटला लगेच काही लिहू नका. आधी बँकेकडे चौकशी करा, कारण तिथून काय कळतं त्यावर क्लायंटला काय लिहायचं ते ठरेल. माझ्या एका मित्राचं हेच झालं होतं आणि त्याच्यासोबत मी बँकेतही गेलो होतो. तेच सविस्तर सांगतो, त्यातून तुमचा रस्ता सापडेल.

हा मित्र नाशिकचा, वेबसाइट बनवतो. जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीचं काम दोन वर्षांपासून करत होता आणि पैसे नेहमी वेळेवर यायचे. जूनच्या सुरुवातीला त्याने १,८५० युरोंचं बिल पाठवलं आणि त्यानंतर तिकडून काहीच कळेना. त्याने अकाउंट्सच्या पत्त्यावर आठवण करून दिली, मग थोडं कडक लिहिलं, मग लेट फीचं वेगळं बिल लावलं आणि शेवटी ‘पैसे येईपर्यंत काम थांबवतोय’ असं कळवलं. एकाचंही उत्तर नाही. गंमत अशी की त्याच कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईंचे मेल त्याला रोज येत होते. होमपेजवरचा फोटो बदला, फॉर्म चालत नाही, असे साधे कामाचे मेल. पैशाचा विषय त्यांच्याकडे काढणं त्याला बरं वाटेना.

एकाच कंपनीतला एक पत्ता बोलतोय आणि दुसरा पूर्ण गप्प आहे, असं दिसलं की क्लायंट टाळतोय असं लगेच धरू नये. बऱ्याचदा मेल वाटेत अडलेला असतो. मी त्याला जीमेलमध्ये हे टाकायला सांगितलं (डोमेन अर्थात क्लायंटचं):

```
in:spam from:example.de
```

जीमेलचा नेहमीचा सर्च स्पॅममध्ये शोधत नाही, `in:spam` मुद्दाम लिहावं लागतं. चार मेल निघाले. पहिला १४ जूनचा, पेमेंट झाल्याचा, सोबत पीडीएफ. बाकीचे तीन त्याच्या मेलना आलेली उत्तरं. दुसऱ्यात अकाउंट्सवाल्या बाईंनी नम्रपणे लिहिलं होतं की पैसे गेलेत, कॉपी पुन्हा जोडतेय. तिसऱ्यात त्या गोंधळलेल्या होत्या. चौथा दोन ओळींचा होता आणि त्यात नावाआधीचं ‘प्रिय’ गळालं होतं. तो वाचून मित्र बराच वेळ काही बोलला नाही. तारीख होती ९ जुलै. स्पॅममधला मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं, म्हणजे आणखी आठवडाभराने पहिला मेल राहिलाच नसता. म्हणून तुम्हीही सगळ्यात आधी ते मेल `Not spam` करून बाहेर काढा आणि पीडीएफ उतरवून ठेवा.

आता महत्त्वाचं. मेल सापडला म्हणून पैसे आले असं होत नाही, आणि स्पॅममध्ये सापडलेला मेल खरा आहे हेही गृहीत धरता येत नाही. मित्राने मेलच्या तीन टिंबांतून `Show original` उघडलं, तर तिथे `DMARC: FAIL` होतं, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनच्या परवानगीने आलाय का, या तपासणीत तो नापास झाला होता. क्लायंटने त्याच महिन्यात हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाने स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत होतं, पण या सर्व्हरला आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे, ही नोंद कंपनीने आपल्या डोमेनच्या सेटिंगमध्ये केलीच नव्हती. म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर बाईंचे मेल नीट येत होते आणि अकाउंट्सचे स्पॅममध्ये पडत होते. पण कुणी क्लायंटच्या नावाने खोटा मेल पाठवला तरी तिथे हेच `FAIL` दिसतं. त्यामुळे अशा मेलमधल्या कुठल्याही लिंकवर जायचं नाही, ‘पैसे सोडवायला’ काही भरायला सांगितलं असेल तर अजिबात भरायचं नाही, आणि खरं-खोटं बँकेतच तपासायचं.

तपासायचं कशावरून? त्या पीडीएफवरून. क्लायंटने युरोपातल्या बँकेतून स्विफ्टने पैसे पाठवले असतील तर त्याला स्विफ्ट कॉपी, म्हणजे बँकेने पाठवलेल्या पेमेंटच्या संदेशाची प्रत, मिळते. तुमच्याकडे आलेल्या कागदात ती नसून नुसती ‘पेमेंट यशस्वी’ अशी पावती असेल, तर क्लायंटकडे मागायची गोष्ट ही एकच. जुन्या धर्तीच्या कॉपीवर आकड्यांचे रकाने असतात, नव्यावर नावं वेगळी दिसतील, पण माहिती तीच. `32A` मध्ये तारीख, चलन आणि रक्कम असते. `59` मध्ये पैसे कुणाला, म्हणजे तुमचं नाव आणि खाते क्रमांक. हा क्रमांक एकेक आकडा लावून पाहा. तो चुकला असेल तर पैसे परत फिरण्याच्या वाटेवर असू शकतात. आणि तो तुमचा नसून भलत्याचाच असेल, तर मधे कुणीतरी तुमच्या नावाने ‘खातं बदललंय’ असा मेल क्लायंटला पाठवून त्याला फसवलं असण्याची शक्यता मोठी आहे. मग मात्र थांबायचं नाही, क्लायंटला त्याच दिवशी फोन करून त्याच्या बँकेला कळवायला सांगायचं.

मित्राचा क्रमांक बरोबर होता. मग कामाला आला तो कॉपीवरचा `UETR`. हा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो, मध्ये चार आडव्या रेघा, आणि पैसे कितीही बँकांतून फिरले तरी तो बदलत नाही. पाठवणाऱ्या बँकेपासून तुमच्या बँकेपर्यंत सगळे या क्रमांकाने तेच पेमेंट ओळखतात. शाखेत जाऊन ‘माझे बाहेरून पैसे आलेत का’ असं विचारलं की काउंटरवरचा माणूस तुमचं खातं उघडून ‘नाही’ म्हणतो, आणि त्याचंही चुकत नाही, कारण खात्यात ते आलेलेच नसतात. आमचंही पहिल्यांदा असंच झालं. मग आम्ही फॉरेक्सचं काम पाहणाऱ्या मॅडमकडे गेलो आणि ‘इनवर्ड रेमिटन्स आहे, हा यूईटीआर’ म्हणून कागद पुढे ठेवला. त्यांनी क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, “पैसे १७ तारखेलाच आलेत. तुमचा पर्पज कोड आला नाही म्हणून थांबलेत. मेल केला होता तुम्हाला.”

तो मेल गेला होता मित्राच्या कॉलेजातल्या पत्त्यावर, जो खातं उघडताना दिला होता आणि आता तो उघडतही नाही. म्हणजे अडथळे दोन होते आणि एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

परदेशातून आलेला पैसा कशासाठी आला हे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या कोडमध्ये नोंदवावं लागतं. तो कोड तुमच्याकडून येईपर्यंत पैसे परकीय चलनातच थांबतात. बँकेची स्वतःची परदेशात खाती असतात, त्यांना नोस्ट्रो म्हणतात, तिथे रक्कम जमा असते आणि तुमच्या पासबुकात तिचा मागमूसही नसतो. काही बँका पहिल्या वेळी दिलेला कोड पुढेही वापरतात, काही दर वेळी विचारतात. मित्राच्या बँकेने आधी पहिली पद्धत ठेवली होती, या वेळी नव्याने विचारणा केली. फार दिवस उत्तर आलं नाही तर बँक पैसे पाठवणाऱ्याकडे परत करते. किती दिवसांनी, ते बँकेगणिक वेगळं असतं, म्हणून उद्यावर ढकलू नका.

तिथेच बसून त्याने डिस्पोजलचा, म्हणजे आलेल्या पैशाचं काय करायचं हे बँकेला सांगणारा, फॉर्म भरला, बिलाची प्रत जोडली आणि कोड लिहिला `P0802`, म्हणजे सॉफ्टवेअर कन्सल्टन्सी. तुमचं काम वेगळं असेल तर कोड वेगळा, अंदाजाने याचाच लिहू नका, बँकेकडे यादी असते. पैसे दोन दिवसांनी जमा झाले, पण १,८५० नाही, १,८३५ युरोंचे. कॉपीवर `71A` समोर `SHA` होतं, म्हणजे खर्च दोघांत वाटून, आणि वाटेतल्या बँकेने आपला आकार कापला होता. ही तूट क्लायंटने कमी पाठवल्यामुळे नाही, तेव्हा त्याला त्यावरून विचारू नका. दुसरं म्हणजे रुपयांचा भाव रूपांतर झालं त्या दिवसाचा लागला, पैसे बँकेत पोचले त्या दिवसाचा नाही. थांबलेल्या दिवसांत भाव पडला असेल तर तो तोटा आपला.

इतकं हातात आल्यावर मित्राने क्लायंटला लिहिलं, आणि तो मेल मला अजून आवडतो. अकाउंट्सच्या बाईंना लिहिलं, प्रोजेक्ट मॅनेजरना कॉपीत ठेवलं. पैसे मिळाले, रक्कम आणि तारीख ही. तुमचे चारही मेल माझ्याकडे स्पॅममध्ये गेले होते, म्हणून माझी भाषा कडक झाली, त्याबद्दल मनापासून माफी. लेट फीचं बिल रद्द करतोय, क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. (ते बिल जीएसटी क्रमांकावर काढलेलं होतं, नुसतं फाडून टाकून चालत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा.) थांबवलेलं काम आज सुरू केलंय. आणि शेवटी, तुमच्या नव्या सॉफ्टवेअरची नोंद डोमेनमध्ये झालेली नाही असं दिसतंय, मेलचं हेडर जोडलंय, तुमच्या आयटीवाल्यांना दाखवा. त्यात आपण किती वैतागलो, घरात काय अडचण झाली, हे काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं, या वेळी त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावरून. त्यांच्या आणखी दोन पुरवठादारांचीही हीच तक्रार होती आणि कारण त्यांना कळत नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी ते दुरुस्त केलं.

तुमच्या बाबतीत, पैसे बँकेत थांबलेले निघाले तर असंच लिहा. यूईटीआर टाकून बँकेला काहीच सापडलं नाही, तर मात्र माफी आणि क्रेडिट नोट दोन्ही थांबवा. क्लायंटला एवढंच कळवा की तुमचा मेल आज मिळाला, माझ्या बँकेत पेमेंट दिसत नाही, तुमच्या बँकेला याच क्रमांकावर ट्रेस करायला सांगा. ट्रेस पाठवणाऱ्या बँकेकडूनच सुरू होतो, तुम्ही इथून कितीही फोन केलेत तरी तो हलत नाही.

बँकेत गेलाच आहात तर खात्यावरचा ईमेल बदलून या आणि या रकमेचा एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद, मागून घ्या, जीएसटीत निर्यातीचा पुरावा म्हणून लागतो. जीमेलमध्ये क्लायंटच्या डोमेनचा फिल्टर करून `Never send it to Spam` वर खूण करा. पण `DMARC: FAIL` येत असेल तर ती दुरुस्ती आधी क्लायंटकडून करून घ्या आणि मगच फिल्टर लावा, नाहीतर त्यांच्या नावाने आलेला खोटा मेलही थेट इनबॉक्समध्ये येईल.